मंगलाबाईंची वहिवाट

सुरतेच्या उधन्यातल्या त्या सोसायटीत गणपतीचा भंडारा निघाला की वरणाचं ओगराळं कुणाच्या हाती द्यायचं, यावर कधी चर्चा होत नाही. ते मंगलाबाईंचं. बट्ट्या कोण तळतं, वांग्याची भाजी कोण घोटतं, यावर बायकांत दरवर्षी रुसवेफुगवे होतात, पण वाढायला मंगलाबाईच. वाढपी ओळखीचा असला की शेवटच्या पंगतीला बसलं तरी बिघडत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. मंगलाबाईंच्या पंगतीत ही म्हण चालत नाही. तिथे सख्ख्या बहिणीलाही तेवढंच वरण आणि ज्याच्याशी गटारीवरून भांडण झालं त्यालाही तेवढंच. सगळे उठले की मग त्या स्वतः बसणार, आणि तोवर वांग्याच्या भाजीचा बहुधा नुसता रस्साच उरलेला असणार. याचा त्यांना मनातून फार अभिमान होता. अभिमान वाईट नसतो, पण त्यापायी माणसाला एक गोष्ट दिसेनाशी होते, आणि ती कोणती, हे मंगलाबाईंना वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळायचं होतं.

बाई महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका होत्या. लग्न होऊन नंदुरबारला गेल्या आणि चार वर्षांत विधवा होऊन माहेरी आल्या. मूलबाळ नव्हतं. वडील, म्हणजे लक्ष्मणआप्पा, पांडेसऱ्याच्या लूमच्या कारखान्यात जॉबर होते. बिघडलेले माग चालू करणं हे त्यांचं काम. लेकीचंही त्यांनी तसंच केलं. रडत बसू दिलं नाही, शिक्षिकेच्या पी.टी.सी.ला घातलं आणि नोकरीला लावलं. मोठा मुलगा अशोक एस.टी.च्या नोकरीपायी अमळनेरला राहिला आणि तिकडचाच झाला. धाकटी रुक्मिणी लग्न करून बमरोलीत गेली. आप्पांजवळ उरल्या मंगलाबाई. आप्पांनी स्वतःच्या कमाईने बांधलेल्या त्या घरात बापलेकीने पस्तीस वर्षं एकमेकांच्या चहाला नावं ठेवत सुखाने काढली. शेवटची दोन वर्षं आप्पा अंथरुणावर होते. तेही बाईंनीच केलं, आणि कुणाला बोलून दाखवलं नाही. थोडं मगनभाईला दाखवलं असेल, पण शेजाऱ्याला सांगितलेलं त्या धरत नसत.

आप्पा गेले, तेरावं झालं, आणि पाहुणे पांगल्यावर बाईंनी कपाटातून मृत्युपत्र काढलं. आप्पांनी ते रीतसर नोंदवून ठेवलं होतं. साक्षीदार म्हणून शेजारच्या मगनभाईंची आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांची सही होती. आप्पा सांगत होते अहिराणीत आणि दस्त लिहिणारा लिहीत होता गुजरातीत, त्यामुळे कागद गुजरातीत. अशोकला गुजराती वाचता येत नाही, रुक्मिणीला नाटकाच्या पाटीपलीकडे येत नाही. रुक्मिणीचा मुलगा हर्षल हजिऱ्याच्या कारखान्यात हिशेबाच्या खात्यात आहे. त्याला येतं, पण मावशी वाचत असताना तो मध्ये कशाला तोंड घालेल. बाईंनी चष्मा लावला आणि शाळेत धडा वाचावा तशी एकेक ओळ मराठीत करून ऐकवली.

कागद छोटा होता. "माझ्यामागे घराची वहिवाट मंगला करील," बाईंनी वाचलं, "आणि घरात माझ्या तिन्ही लेकरांचा सारखा भाग आहे."

वहिवाट म्हटल्यावर मराठी माणसाला काय कळायचं ते सगळ्यांना कळलं. ज्याची वहिवाट तो तिथे राहणार, वापरणार. म्हणजे मंगला जिवंत असेतो घर तिच्याकडे, आणि तिच्यामागे तीन भाग. अशोक सदुसष्टचा, मंगलाबाई त्रेसष्टच्या. त्यांच्यामागे म्हणजे अशोकच्या हयातीत बहुतेक काही नाहीच. रुक्मिणीने डोळ्याला पदर लावून आप्पांनी ताईची सोय केली म्हणून समाधान दाखवलं. अशोकने मान डोलावली आणि आप्पाने बरोबर केलं म्हणाला. मग तो गच्चीवर गेला आणि बराच वेळ आला नाही. अमळनेरच्या पत्र्याच्या घरावर स्लॅब घालायचा म्हणून तो कधीपासून बेत करत होता, हे वहिनीने बाईंना मागेच सांगितलं होतं. बाईंना वाईट वाटलं. पण आप्पांचीच इच्छा, असं म्हणून त्यांनी चहा टाकला.

महिनाभराने त्या महापालिकेच्या झोन ऑफिसात गेल्या. घरपट्टीचं वेराबिल अजून आप्पांच्या नावाने येत होतं, ते बदलायचं होतं. खिडकीतल्या कारकुनाने मृत्युपत्र वाचलं आणि फक्त मंगलाबाईंचं नाव लावायला तो तयार होईना. बाई म्हणाल्या, भाई, स्पष्ट तर लिहिलंय. कारकून चांगला माणूस होता. त्याने कागद त्यांच्याकडे फिरवला आणि ओळीवर बोट ठेवलं.

"वहीवट तमारे करवानो, बेन," तो म्हणाला. "मालिक तो त्रणेय जण."

मंगलाबाईंचा सुरतेत उभा जन्म गेलेला. भाजी गुजरातीत घेतात, वर्तमानपत्र गुजराती वाचतात, रिक्षावाल्याशी गुजरातीत भांडतात. वहीवट म्हणजे कारभार, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं. बँकेचा वहीवट, मंदिराचा वहीवट, हा शब्द त्या दिवसातून दहादा ऐकत असतील. तरी त्या दिवशी घरात, घरच्या माणसांत, आप्पांच्या फोटोसमोर बसून वाचताना डोळ्यांनी गुजराती पाहिलं आणि तोंडाने मराठी शब्द काढला. कागदात लिहिलं होतं की घराची निरवानिरव मंगला करील आणि तिघांना सारखे भाग देईल. त्यांनी वाचलं होतं की घरात मंगला राहील. बाई खिडकीपासून बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या.

आता हे कुणालाच माहीत नव्हतं. न सांगितलं तर कळायचंही नव्हतं.

पुढचे काही दिवस बाईंनी स्वतःशी जी वकिली केली ती ऐकण्यासारखी होती. आप्पा तर अहिराणीत बोलत होते. मग त्यांनी आपली मराठी वहिवाटच म्हटली असेल आणि लिहिणाऱ्याने कानाला लागलं ते गुजरातीत लिहिलं असेल, नाही कशावरून? बापाला लेकीची काळजी नसेल? दुसरं घर आहे का आपल्याला? आणि आप्पांचं दोन वर्षं कुणी केलं? एकेक मुद्दा भक्कम होता. भाजी निवडताना, दळण आणताना, देवापुढे दिवा लावताना नवे नवे मुद्दे सुचत होते. शेवटी एका दुपारी बाईंच्या लक्षात आलं की इतके मुद्दे सुचले, पण त्यातला एकही अशोकच्या बाजूचा नाही. आयुष्यभर पोरांचे पेपर तपासलेली बाई. स्वतःचाच पेपर स्वतः तपासायला बसलं की काय होतं, ते त्यांना कळलं, आणि त्या मनापासून घाबरल्या.

त्यात रुक्मिणीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून ती म्हणाली की हर्षल विचारत होता, वरच्या खोलीचं भाडं कुठे जमा होतं. वर एक ओडिया जोडपं राहायचं. आप्पा होते तोवर भाडं आप्पांचं. आप्पा गेल्यावर बाईंनी ते सवयीने घेतलं आणि आपल्या पेन्शनच्या खात्यात टाकलं. त्याच खात्यातून दूधवाला, त्याच खात्यातून तेराव्याचा खर्च, त्यातूनच गच्चीची गळती बुजवली. बाईंना संताप आला. ज्याला अंगाखांद्यावर खेळवला तो काल मिसरूड फुटलेला पोर आपल्याकडे हिशेब मागतो? उत्तर द्यायला त्या पासबुक घेऊन बसल्या, तेव्हा आप्पांच्या घराचं काय आणि आपलं काय, हे त्यांना स्वतःलाच वेगळं काढता येईना. चहात दूध किती होतं ते चहा झाल्यावर कोण सांगणार. संताप उतरला आणि त्या साडी बदलून अठवालाइन्सला गेल्या.

तिथे कोर्टाजवळ तेजस्विनी वकील बसते. बाईंच्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकलेली. तेव्हा ती फार बडबडायची म्हणून बाई तिला कोपऱ्यात उभी करत. आता त्याच बडबडीची ती फी घेते. बाईंकडून मात्र घेणार नाही म्हणाली आणि बाईंनी तिला दटावलं. मग बाईंनी सगळं सांगितलं, झोन ऑफिसातलंही आणि भाड्याचंही, आणि शेवटी म्हणाल्या की मला हे काम नको, मी सोडून देते, दुसऱ्या कुणालातरी नेमा.

तेजस्विनीने मान हलवली. मृत्युपत्राप्रमाणे निरवानिरव करणाऱ्या माणसाला, म्हणजे एक्झिक्युटरला, सुरुवातीलाच नाही म्हणता येतं. पण भाडं घेतलं, दुरुस्ती केली, वेराबिलाला धावलात, म्हणजे कामाला हात घातलात. आता मध्येच भांडी टाकून उठता येत नाही. शिवाय एक्झिक्युटरच्या नावे जर काही ठेवलेलं असेल आणि त्याने काम करायचंच नाकारलं, तर त्याच्या हिस्स्यावरही प्रश्न उभा राहू शकतो. तेव्हा पळून जाणं हा इथे प्रामाणिकपणा नाही, असं ती म्हणाली. बाईंना ते लागलं, कारण सोडून देण्यात आपला मोठेपणा आहे असं त्या समजत होत्या.

"पण मी वाटणी करणार आणि त्यात माझाही वाटा," बाई म्हणाल्या. "हे कायद्याला चालतं?"

"चालतं, बाई. बहुतेक घरांत असंच असतं, विश्वासाचा माणूस म्हणजे घरचाच माणूस. तुमचा हात सरळ आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण या पंगतीत तुमचं पण ताट आहे. तेव्हा हात सरळ असून भागत नाही, तो सगळ्यांना दिसला पाहिजे."

भंडाऱ्यात आपण शेवटी बसतो ते कशासाठी, हे मंगलाबाईंना इतक्या वर्षांनी एका माजी विद्यार्थिनीकडून कळत होतं.

मग तेजस्विनीने सांगितलं ते सगळं सोपं होतं, आणि सोपं म्हणूनच बाईंना आधी का सुचलं नाही याची लाज वाटण्यासारखं होतं. आप्पांच्या घराच्या पैशाला वेगळं खातं उघडायचं, भाडं तिथेच जमा करायचं, घराचा खर्च तिथूनच. आजवरचं जेवढं कागदानिशी दाखवता येईल तेवढं मांडायचं, जिथे दाखवता येत नाही तिथे आपल्या विरुद्ध धरायचं. दोघा भावंडांना हिशेब मागण्याआधी पाठवायचा. वहीवट शब्दाचा अर्थ बाईंनी लावायचा नाही, कारण एक अर्थ त्यांच्या फायद्याचा आहे. तिचं स्वतःचं मत विचारलं तर कागद गुजरातीत आहे, पुढे तीन सारखे भाग लिहिले आहेत, राहण्याचा हक्क द्यायचा असता तर तसं लिहिलं असतं, म्हणजे कारभारच. पण ती बाईंची वकील. तिच्या मतावर अशोक आणि रुक्मिणी यांनी का विसंबावं? त्यांनी आपला वकील बघावा, आणि एवढं करूनही पटलं नाही तर कोर्टाला अर्थ विचारता येतो.

बाईंनी उठता उठता हळूच विचारलं, की मग घर विकावं लागेल? दादाचा भाग मीच घेतला तर?

इथे तेजस्विनीने खुर्ची पुढे ओढली. एक्झिक्युटरने मयताच्या मालमत्तेतलं काही स्वतःच विकत घेतलं, तर ज्यांचा त्यात हितसंबंध आहे त्यातला कुणीही उद्या तो व्यवहार रद्द करून मागू शकतो. किंमत योग्य असली तरी. विकणारा आणि घेणारा एकच, मग घासाघीस कुणी करायची? आप्पांनीच कागदात तशी मुभा लिहिली असती, किंवा बाईंच्या जोडीला दुसऱ्या कुणाला नेमलं असतं, तर हा पेच सुटला असता. आता वाट एकच. किंमत तिसऱ्याने ठरवायची, तो तिसरा भावंडांनी निवडायचा, आणि सगळं कळून-सवरून त्यांनी लेखी संमती द्यायची.

रविवारी बाईंनी दोघांना बोलावलं. अशोक भुसावळ पॅसेंजरने आला, रुक्मिणी हर्षलच्या गाडीवरून. बाईंनी आधी जेवायला वाढलं नाही; जेवणानंतर माणसं मऊ होतात, ते त्यांना नको होतं. मृत्युपत्र मध्ये ठेवून त्यांनी सांगितलं.

"मी चुकीचं वाचलं. वहिवाट नाही, वहीवट आहे. त्याचा अर्थ कारभार. आप्पांनी मला घर वापरायला दिलं असं यात लिहिलेलं दिसत नाही. मला हे कळून पंधरा दिवस झाले. पंधरा दिवस मी गप्प बसले."

रुक्मिणीच्या तोंडाचा आ तसाच राहिला. हर्षलने कागद ओढून स्वतः वाचला आणि मान वर केली नाही, कारण तेराव्यानंतर त्यानेही नीट ऐकलं नव्हतं. मग बाईंनी मगनभाईंना हाक मारली. मगनभाई साक्षीदार, त्यांना जे आठवतं ते सर्वांसमक्ष सांगावं, आपण एकटीने विचारलेलं नाही, असं बाईंनी आधीच स्पष्ट केलं. मगनभाईंना आठवत होतं. लिहिणाऱ्यानेच विचारलं होतं, "काका, वहीवट कोण करशे?" आणि आप्पा म्हणाले होते, "मंगला." शब्द आप्पांचा नव्हताच. आप्पांनी उच्चारलं ते फक्त लेकीचं नाव.

ते ऐकून बाईंना का कोण जाणे, हलकं वाटलं. इतके दिवस त्या आप्पांच्या मनात काय होतं ते शोधत होत्या, आणि आप्पांच्या मनात विश्वासाचं माणूस म्हणून आपलं नाव होतं, एवढं तरी खरं निघालं.

मग अशोक म्हणाला की अमळनेरला एक वकील ओळखीचा आहे, त्याला कागद दाखवतो. हे करा असं बाईंनीच सांगितलेलं, तरी भावाच्या तोंडून ते ऐकताना त्यांच्या काळजात चर्र झालं. माणसाचं मन असंच आहे. त्याला न्याय करायचा असतो, आणि वर कुणी तपासू नये असंही वाटतं.

अमळनेरच्या वकिलाने तेजस्विनीसारखंच सांगितलं. रुक्मिणीनेही आपला दुसरा वकील केला, हर्षलच्या ओळखीतून. तिघांचं एका अर्थावर जुळलं: कारभार मंगलाचा, घर तिघांचं. हिशेब तपासायचं काम बाईंनी हर्षलकडेच दिलं. तुला शंका होती ना, मग तूच बघ, असं त्या म्हणाल्या तेव्हा तो लाजला, पण त्याने खरोखरच बघितलं. गच्चीच्या दुरुस्तीची पावती सापडत नव्हती, म्हणून तो खर्च त्याने मावशीच्याच नावावर ठेवला, आणि तेराव्याचा खर्च मावशीने स्वतःचा म्हणून धरला होता तो घराच्या खात्यातून परत करायला लावला. बाई नको म्हणत होत्या. तो म्हणाला की मावशी, कमी घेणंही हिशेबात चूकच असतं. त्या दिवसापासून त्याच्यावरचा राग कुठे गेला ते त्यांना समजलंच नाही.

मग किंमत. नोंदणीकृत मूल्यमापक भावंडांनी शोधला. तो येणार त्या दिवशी तेजस्विनीने बाईंना घराबाहेर बसायला सांगितलं होतं, आणि त्याचं कारण बाईंना तो आल्यावरच कळलं. मोरीच्या भिंतीत ओल आहे, आतून प्लास्टर फुगलंय, वरून रंग असल्यामुळे दिसत नाही. घर विकणाऱ्या कारभारणीने ते पुढे होऊन दाखवायची घाई करायची नाही. घर घेणाऱ्या बाईने मात्र बोट ठेवून दाखवलंच पाहिजे, म्हणजे किंमत उतरते. आणि दोघी एकाच साडीत. मगनभाईंच्या ओट्यावर बसून मंगलाबाईंच्या जिभेला नुसती खाज सुटली होती. मगनभाई चहा पुढे करत म्हणाले की मंगळाबेन, आज तुम्हाला उपास आहे का, तोंड असं का? त्यांनी कप तोंडाला लावला. मूल्यमापक पाऊण तास घरात होता. बाहेर आल्यावर त्याच्या कागदावर मोरीची ओल त्याने स्वतःच टिपलेली दिसली, आणि बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. कुणाच्या बाजूने सोडला, ते त्यांनी तपासलं नाही.

रुक्मिणीला पैसे नको होते. तिचा तिसरा हिस्सा घरात राहू दे आणि त्याबदल्यात वरच्या खोलीचं भाडं तिला, असं ठरलं. अशोकला स्लॅब घालायचा होता. त्याचा भाग बाईंनी ग्रॅच्युइटीच्या शिलकीतून घ्यायचा. किमतीचा अहवाल तिघांना एकाच दिवशी मिळाला. तो वाचून, वकिलाशी बोलून, अशोकने कळवलं की आपण त्यातून काही कमी घेणार, कारण आप्पांचं मंगलाने केलं. बाई कडाडल्या. मला नको, उद्या कुणी म्हणेल भावाला गुंडाळला. त्यावर तेजस्विनीने शांतपणे समजावलं की देणाऱ्याला पूर्ण किंमत माहीत आहे, त्याचा वकील वेगळा आहे, आणि तो आपणहून लिहून देतोय. असं घेतलेलं कायद्याला खुपत नाही. तुम्हाला खुपत असेल तर तो तुमचा आणि भावाचा प्रश्न. बाईंनी दोन दिवस रुसून मग ते घेतलं.

आधी आप्पांची देणी फिटली, दवाखान्याचं आणि सोसायटीचं. मग अशोकचे पैसे त्याच्या खात्यात जमा झाले, रुक्मिणीच्या नावाची भाडेचिठ्ठी झाली, हिशेबावर दोघांच्या सह्या झाल्या. त्यानंतर एका सोमवारी सगळी मंडळी नोंदणी कचेरीत गेली आणि अशोकने आपला हक्क सोडल्याचा दस्त नोंदवला. त्या दस्तातलं प्रत्येक वाक्य बाईंनी लिहिणाऱ्याला थांबवून गुजरातीत एकदा आणि मराठीत एकदा वाचून घेतलं. लिहिणारा कंटाळला, पण मास्तरणीला कोण बोलणार. स्वतःचं मृत्युपत्र करायचं तेव्हा एकाला नाही, दोघांना नेमायचं, आणि त्यातला एक तरी असा ज्याला आपल्याकडून काही मिळायचं नाही, हे त्यांनी तिथे बाकावर बसूनच मनाशी पक्कं केलं. मगनभाईंचा मुलगा चालेल, असंही ठरवलं.

घरी आल्यावर वरण-बट्टी होती. बाईंनी सवयीने ओगराळं उचललं. रुक्मिणीने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि त्यांना अशोकशेजारी पाटावर बसवलं. आज वाढायचं काम हर्षलकडे होतं, आणि तो वरण असं वाढत होता की निम्मं ताटाबाहेर. बाईंनी चार वेळा तोंड उघडलं आणि चार वेळा मिटलं. पहिल्या पंगतीत बसून गरम बट्टी खाण्यात काय सुख असतं, ते त्या विसरून गेल्या होत्या. भाजीतही आज वांगी होती.

जेवताना अशोक थांबला. त्याने खिशातून घराची किल्ली काढली. घर बांधलं तेव्हा आप्पांनी तिन्ही मुलांना एकेक करून दिली होती, त्यातली ती. पितळेची, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. त्याने ती मंगलाबाईंच्या ताटाशेजारी ठेवली.

"घर आता तुनं," तो आप्पांच्या अहिराणीत म्हणाला.

बाईंनी किल्लीकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी येऊ दिलं. मग खरकटा नसलेला डावा हात पुढे करून त्यांनी किल्ली परत त्याच्या बाजूला सरकवली.

अशोकने ती थोडा वेळ तिथेच राहू दिली. मग उचलली, धोतराला पुसली आणि पुन्हा खिशात टाकली.

"बरं," तो म्हणाला. "घर तुनं. पन वहिवाट आमनी."

या वेळी त्या शब्दाचा अर्थ मंगलाबाईंनी कुठल्याही वकिलाला न विचारता लावला, आणि हर्षलला सांगितलं की मामाला अजून एक बट्टी वाढ.